पारदर्शक पीएनजी आणि काळा चौकोन: टी-शर्ट छपाईच्या दुकानातलं एक प्रकरण

सांगलीकडचं एक टी-शर्ट छपाईचं दुकान. गणेश मंडळं, कॉलेजची गॅदरिंग, ट्रेकचे ग्रुप, कबड्डीचे संघ अशी गिऱ्हाइकं. छपाई डीटीएफ पद्धतीची: चित्र आधी फिल्मवर उमटतं, त्यावर पांढऱ्या शाईचा थर, मग चिकट पावडर, आणि शेवटी हीट प्रेसखाली ते कापडावर जातं. या कामाला फाइल पारदर्शक पार्श्वभूमीची लागते. पार्श्वभूमी पांढरी राहिली तर काळ्या टी-शर्टवर चित्राभोवती पांढरा चौकोन छापून येतो. त्यामुळे दुकानात येणारी जवळजवळ प्रत्येक फाइल पारदर्शक पीएनजी असते. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण जी गोष्ट छपाईला हवीच असते तिनेच पुढे घोळ केला.

दुकानाने ऑर्डर नोंदवायला एक छोटी प्रणाली बनवून घेतली होती. गिऱ्हाइकाची फाइल आली की ती चित्र समजणाऱ्या एका एआय मॉडेलकडे जायची आणि जॉब कार्डचे चार रकाने भरून यायचे: चित्रात काय आहे, मजकूर कोणता, रंग किती, आणि काम रेषांचं की भरीव. माणूस नंतर कार्ड तपासून सही करायचा. गर्दीच्या दिवसांत ही सही न वाचताच व्हायची, हे वेगळं सांगायला नको.

एका मंडळाने दोन स्केचेस पाठवली. काळ्या पेनने कागदावर काढलेली, मोबाइलवर फोटो घेऊन, ॲपमध्ये रेषा ठार काळ्या करून बॅकग्राउंड काढून टाकलेली. पहिल्यात नुसता मोदक होता आणि खाली मंडळाचं नाव. त्याच्या कार्डावर आलं: काळा भरीव चौकोन, मजकूर नाही, रंग एक. कारागीर हसले आणि कार्ड हाताने दुरुस्त केलं. दुसऱ्या स्केचमध्ये गणपतीची सोंड, एक कान आणि एक डोळा, एवढ्याच तीन-चार रेषा होत्या. त्याच्या कार्डावर मात्र सविस्तर वर्णन होतं: पाटावर बसलेला गणपती, हातात मोदक, पायाशी उंदीर. वाचायला छान. चित्रात यातलं काहीच नव्हतं.

मला बोलावलं ते या दुसऱ्या कार्डामुळे. मालकांचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, फाइल बरोबरच आहे की. माझ्या कॉम्प्युटरवर बघा, पोराच्या मोबाइलवर बघा, प्रेसच्या मशीनवर बघा. सगळीकडं दिसतंय, ह्यालाच तेवढं दिसत नाही." शिवाय त्यांनी स्वतः एक निदानही करून ठेवलं होतं: मोठी फाइल मॉडेलला झेपत नाही. पुरावाही होता. तेच मोदकाचं स्केच गिऱ्हाइकाने आधी नमुना म्हणून लहान आकारात पाठवलं होतं, रुंदी 800 पिक्सेल, आणि त्याचं कार्ड अगदी बिनचूक आलं होतं. छपाईची फाइल 3000 पिक्सेलची, म्हणजे 300 डीपीआयला दहा इंच, आणि ती काळी. तेव्हापासून दुकानातली मुलं मोठ्या फाइली हाताने लहान करून टाकत होती. काही वेळा जमायचं, काही वेळा नाही. "काही वेळा" हा शब्द ऐकला की मला आधी फाइलीच्या आत डोकवावंसं वाटतं.

आत काय असतं ते थोडक्यात. रंगीत पीएनजीच्या प्रत्येक पिक्सेलला चार आकडे असू शकतात: लाल, हिरवा, निळा आणि अल्फा. अल्फा 255 असेल तर पिक्सेल पूर्ण अपारदर्शक, 0 असेल तर पूर्ण पारदर्शक, मधले आकडे अर्धवट. पण अल्फा 0 असला तरी आधीचे तीन आकडे नाहीसे होत नाहीत. ते फाइलीत असतातच, फक्त दाखवणारा प्रोग्राम ते वापरत नाही. म्हणजे प्रत्येक पारदर्शक जागेला एक लपलेला रंग असतो. तो काळा असू शकतो, पांढरा असू शकतो, कागदाचा असू शकतो. चित्र पाहणाऱ्याला तो कधीच कळत नाही, कारण अल्फाचा पडदा मध्ये असतो. पडदाच काढून फेकला की मागचं जे असेल ते समोर येतं.

आता प्रणालीत फाइल कुठून कुठे जात होती ते पाहिलं. ज्या प्रोग्रामरने ती लिहिली त्याचं काम एरवी व्यवस्थित होतं. चित्राशी संबंधित भाग एवढाच:

```python
im = Image.open(path)
im.thumbnail((1024, 1024))
im = im.convert("RGB")
im.save("send.jpg", quality=90)
```

पायथॉनमधली पिलो नावाची लायब्ररी वापरणाऱ्या कुणालाही या ओळी ओळखीच्या वाटतील. चित्र उघडा, 1024 पेक्षा मोठं असेल तर लहान करा, आरजीबी करा, जेपेग म्हणून जतन करा. तिसरी ओळ तिथे का आली याचाही अंदाज बांधता येतो. जेपेगमध्ये अल्फा नसतो, म्हणून पारदर्शक चित्र थेट जेपेग करायला गेलं की पिलो `cannot write mode RGBA as JPEG` अशी तक्रार करते. त्यावर सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे `convert("RGB")`. तक्रार थांबते, फाइल तयार होते, काम पुढे जातं.

पण आरजीबीए चित्रावर `convert("RGB")` पारदर्शकता मिसळत नाही. अल्फाचा आकडा नुसता टाकून देतं आणि उरलेले तीन आकडे जसेच्या तसे ठेवतं. लपलेला रंग उघडा पडण्याची जागा हीच.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे `send.jpg` उघडून पाहिली. मूळ फाइल सगळ्यांनी दहा ठिकाणी पाहिली होती, पण जी फाइल प्रत्यक्ष मॉडेलकडे जाते ती कुणीच पाहिली नव्हती. मोठ्या मोदकाची `send.jpg` शंभर टक्के काळी होती. नुसत्या नजरेवर विसंबू नये म्हणून आकड्यांतही तपासता येतं:

```python
im = Image.open("send.jpg")
print(im.getextrema())
# ((0, 0), (0, 0), (0, 0))
```

तिन्ही रंगांची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत शून्य. या चित्रात माहितीच नव्हती. जगातलं सर्वांत हुशार मॉडेल दिलं असतं तरी त्यातून मोदक निघाला नसता. मालकांचं "झेपत नाही" हे निदान इथेच निकालात निघालं, पण लहान फाइल का चालते या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. म्हणून दोन्ही मूळ फाइलींचा कोपऱ्यातला पिक्सेल छापून पाहिला. लहान फाइलीत आला `(236, 233, 226, 0)`. अल्फा शून्य आणि मागे किंचित पिवळसर पांढरा, म्हणजे चक्क ज्या कागदावर चित्र काढलं त्या कागदाचा रंग. ॲपने पार्श्वभूमी काढताना रंगाला हात लावला नव्हता, फक्त अल्फा शून्य केला होता. काही ॲप्स असं करतात.

मोठ्या फाइलीतही तोच आकडा आला. `(236, 233, 226, 0)`. लपलेला रंग दोन्हीकडे कागदाचाच होता. मग अल्फा टाकून दिल्यावर मोठं चित्रही कागदाच्या रंगावर उमटायला हवं होतं. ते काळं का?

फरक एकच होता: मोठी फाइल `thumbnail` मधून जाऊन लहान होत होती, आणि 800 पिक्सेलची फाइल मर्यादेच्या आत असल्याने तशीच पुढे सरकत होती. म्हणून लहान केल्यानंतर लगेच, आरजीबी करण्याआधी, तोच कोपरा पुन्हा छापला. आला `(0, 0, 0, 0)`.

आकार बदलताना लपलेला रंग काळा झाला होता. हा पिलोचा दोष नाही, उलट तिचं शहाणपण आहे. चित्र लहान करताना शेजारच्या अनेक पिक्सेलांची सरासरी काढून एक पिक्सेल बनतो. त्या सरासरीत पारदर्शक पिक्सेलांचा लपलेला रंग शिरला तर आकृतीच्या कडेला भलत्याच रंगाची झालर येते. ते टाळायला पिलो आरजीबीए चित्राचे रंग आधी अल्फाने गुणते, मग सरासरी काढते, आणि शेवटी पुन्हा अल्फाने भागून मूळ रंगावर येते. जिथे अल्फा शून्य तिथे गुणाकार शून्य. शून्याने भागून मूळ रंग परत मिळत नाही, म्हणून तिथे शून्यच राहतं, म्हणजे काळा. पारदर्शकता शाबूत असेपर्यंत याने काहीही बिघडत नाही, कारण त्या जागेचा रंग कुणी पाहणारच नसतो. बिघडतं ते पुढच्याच ओळीत अल्फा फेकला जातो म्हणून.

काळ्या रेषा, काळी पार्श्वभूमी. आणि मुलांच्या हाताने लहान केलेल्या फाइली "काही वेळा" का चालायच्या तेही इथे उलगडलं. लहान केलेली फाइल 1024 च्या आत असायची, त्यामुळे `thumbnail` ची पायरी टळायची. मग ज्या सॉफ्टवेअरमधून ती बाहेर काढली त्याने पारदर्शक जागेत कोणता रंग लिहिला यावर सगळं ठरायचं. गिम्पमध्ये पीएनजी निर्यात करताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग जतन करायचे की नाही असा एक चौकोन असतो, टिक आहे की नाही याकडे कोण बघतो? पीएनजीचं वजन कमी करणारी काही साधनं तर मुद्दाम सांगितल्यास हे लपलेले रंग पुसून एकसारखे करतात, कारण एकसारखे आकडे चांगले दाबले जातात. डोळ्याला फाइल तीच दिसते. अल्फा टाकून देणाऱ्या प्रणालीला ती वेगळीच फाइल असते.

पूर्ण काळा चौकोन हा या बिघाडातला सर्वांत निरुपद्रवी प्रकार म्हणायचा, कारण तो पकडला जातो. मागच्या कार्डांचा गठ्ठा चाळताना जे सापडलं ते जास्त त्रासदायक होतं. एका ट्रेकिंग ग्रुपचा लोगो होता: वर केशरी सूर्य, त्याखाली हिरवी डोंगररांग, आणि सगळ्यांत खाली काळ्या अक्षरांत ग्रुपचं नाव. मॉडेलने सूर्य आणि डोंगर अचूक सांगितले होते, "रात्रीच्या आकाशात उगवणारा सूर्य" अशी थोडी कविताही केली होती, आणि मजकुराच्या रकान्यात लिहिलं होतं: नाही. रंगांच्या रकान्यात दोन. काळी अक्षरं काळ्यात बुडाली होती. कार्ड वाचणाऱ्याला यात शंका येण्यासारखं काही नाही. चित्राचा अर्धा भाग बरोबर सांगितला की उरलेलाही बरोबरच असणार असं आपण धरून चालतो.

तिसरा प्रकार कडांचा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक ठेवलेले असतात. काळ्या अक्षराच्या कडेला अल्फा 64 असलेला पिक्सेल पांढऱ्यावर नीट मिसळला तर त्याची किंमत 191 येते, म्हणजे फिकट राखाडी. अल्फा 128 असेल तर 127, मध्यम राखाडी. अल्फा टाकून दिला तर दोन्ही थेट 0, ठार काळे. म्हणजे लपलेला रंग सुदैवाने पांढरा असला तरी अक्षर सर्व बाजूंनी फुगतं आणि त्याची कड दातेरी होते. केशरी अक्षरं काळ्या पार्श्वभूमीवर उघडी पडली तरी तेच: ज्या कडेवर केशरी रंग जेमतेम होता तिथे तो पूर्ण येतो. देवनागरीत याची किंमत जास्त मोजावी लागते. लहान आकारात घ आणि ध यांतली फट बुजते, भ आणि म सारखे दिसतात, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो. लोगोला मऊ सावली दिलेली असेल तर ती सावली म्हणजे कमी अल्फाचे काळे पिक्सेल. अल्फा गेल्यावर लोगोच्या बुडाशी एक काळा गोळा येतो. एका कार्डावर "खाली काळा ढग" असं वर्णन होतं, ते या सावलीचं.

आता न दिसलेल्या गणपतीच्या हातातला मोदक. ती `send.jpg` सुद्धा पूर्ण काळीच होती. मग वर्णन आलं कुठून? प्रणाली मॉडेलला चित्रासोबत काही मजकूरही पाठवत होती, आणि त्या मजकुरात फाइलीचं नाव होतं: `ganpati_sketch_final.png`. सूचना अशी की "या लोगोचं किंवा स्केचचं वर्णन कर." सूचनेत चित्र काळं असण्याची शक्यताच धरलेली नव्हती. नावात गणपती, सूचनेत स्केच, चित्रात काहीच नाही. मॉडेलने नावावरून गणपती उभा केला, आणि गणपती म्हटल्यावर मोदक आणि उंदीर आपोआप आले. फाइलीचं नाव काढून तेच काळं चित्र पुन्हा पाठवलं, तेव्हा उत्तर आलं ते काळ्या चौकोनाचं. मोदकाच्या फाइलीला नाव होतं मोबाइलने दिलेलं, नुसते आकडे. म्हणून तिचं कार्ड प्रामाणिक निघालं होतं.

हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटतं. मॉडेलला चित्र दिसतंय का हे तपासायचं असेल तर फाइलीचं नाव, ऑर्डरची टीप, गिऱ्हाइकाचं नाव असं सगळं बाजूला काढून नुसतं चित्र द्यायचं. आजूबाजूच्या मजकुरातून बरोबर उत्तर आलं तर चित्राचा बिघाड महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

दुरुस्ती लहान आहे. अल्फा टाकून द्यायचा नाही, एका ठरवलेल्या रंगावर चित्र मिसळायचं, आणि हे आकार बदलण्याआधी करायचं:

```python
def flatten(path, bg=(255, 255, 255)):
    im = Image.open(path).convert("RGBA")
    base = Image.new("RGBA", im.size, bg + (255,))
    return Image.alpha_composite(base, im).convert("RGB")
```

शेवटचं `convert("RGB")` इथे निर्धोक आहे, कारण तोवर प्रत्येक पिक्सेलचा अल्फा 255 झालेला असतो. सुरुवातीचं `convert("RGBA")` मात्र अनावश्यक वाटलं तरी ठेवावं. "चित्र आरजीबीए असेल तरच मिसळ" अशी अट घालणारे बरेच जण असतात, आणि ती अट रंगतक्त्यावर चालणाऱ्या पीएनजीला चुकते. अशा फाइलीत अल्फा वेगळा साठवलेला असतो, पिलो तिचा प्रकार `P` असा सांगते, आणि अटीतून ती निसटते. राखाडी आणि अल्फा असलेल्या `LA` प्रकाराचंही तेच. सरसकट आधी आरजीबीए करून घेतलं की हे सगळे एका वाटेला येतात.

मोदक दिसला, ग्रुपचं नाव वाचलं गेलं, सावलीचा ढग विरला. मालक खूश झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. काळ्या टी-शर्टसाठीचा एक लोगो, जो आधी नेहमी व्यवस्थित वाचला जायचा, आता "कोरी पांढरी प्रतिमा" म्हणून येत होता.

हे होणारच होतं. गडद टी-शर्टसाठीची कलाकृती पांढऱ्या रंगात असते. जुन्या बिघाडात ती काळ्यावर पडायची आणि योगायोगाने उठून दिसायची. पांढऱ्यावर मिसळल्यावर ती नाहीशी झाली. पांढरी पार्श्वभूमी हे उत्तर पुष्कळ ठिकाणी दिलं जातं आणि कागदावरच्या स्केचसाठी ते बरोबरही आहे, पण टी-शर्टच्या दुकानात निम्मा माल गडद असतो. पार्श्वभूमीचा रंग चित्रावरून ठरवावा लागतो.

त्यासाठी फक्त दिसणाऱ्या पिक्सेलांचा उजळपणा मोजायचा. चित्र राखाडी करून, अल्फा हाच मुखवटा म्हणून वापरला की लपलेले रंग मोजणीत येत नाहीत:

```python
im = Image.open(path).convert("RGBA")
hist = im.convert("L").histogram(im.getchannel("A"))
dark, light = sum(hist[:60]), sum(hist[196:])
```

मुखवट्यात शून्याहून जास्त काहीही असलेला पिक्सेल धरला जातो, म्हणून अगदी फिकट पेन्सिलीच्या रेषाही मोजल्या जातात. गडद पिक्सेल आहेत आणि उजळ जवळपास नाहीत, तर पांढऱ्यावर मिसळायचं. उलट असेल तर गडद करड्यावर. दोन्ही भरपूर असतील, म्हणजे पांढरी आणि काळी अक्षरं एकाच लोगोत, तर मध्यम उजळपणाचा असा रंग घ्यायचा जो लोगोत नाही. आम्ही मध्यम निळा ठेवला. मधला राखाडी का नाही? दुकानात चंदेरी छटेचे लोगो बरेच येतात, ते राखाडीत विरघळतात. दुसऱ्या दुकानात हा निर्णय वेगळा असू शकतो. आणि पूर्ण `hist` ची बेरीजच शून्य आली, म्हणजे एकही दिसणारा पिक्सेल नाही, तर फाइल मॉडेलकडे पाठवायचीच नाही, गिऱ्हाइकाला फोन करायचा. अशा रिकाम्या फाइली खरंच येतात, थर लपवून निर्यात केलेल्या.

या उपायालाही मर्यादा आहे. एकूण मोजणीत लहान गोष्ट बुडते. मोठा काळा सिंह आणि त्याखाली बारीक पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव असेल, तर उजळ पिक्सेल इतके थोडे असतात की चित्र "गडद" ठरतं, पांढऱ्यावर मिसळलं जातं आणि गावाचं नाव जातं. म्हणून मजकुराच्या रकान्यासाठी आता दोन प्रती जातात, एक पांढऱ्यावर आणि एक गडद करड्यावर, आणि दोन्हींत वाचलेला मजकूर जुळला नाही तर कार्डावर लाल खूण येते. खर्च दुप्पट होतो. पण टी-शर्टवर नाव चुकलं तर माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालता येत नाही, त्यामानाने तो खर्च मालकांना किरकोळ वाटला.

आणखी एक बारकावा. पार्श्वभूमी आपण टाकलेली आहे हे मॉडेलला माहीत नसतं. ते निळा हाही लोगोचा रंग धरून रंगांची संख्या एकने वाढवतं, आणि कारागीर चौथ्या रंगाची वाट बघत बसतो. सूचनेत एक वाक्य घातलं की सपाट पार्श्वभूमी लोगोचा भाग नाही, तिचा रंग मोजू नकोस. बऱ्याच वेळा पाळलं जातं. रंगांची संख्या खरं तर मॉडेलला विचारूच नये असं माझं मत आहे. दिसणाऱ्या पिक्सेलांवरून ती थेट मोजता येते आणि तिथे अंदाजाला जागाच राहत नाही. पण तो रकाना आधीपासून होता, मालकांना सवयीचा होता, राहिला.

हा घोळ पिलोपुरता नाही. ओपनसीव्हीमध्ये `cv2.imread` ला वेगळं काही सांगितलं नाही तर ते तीनच रंग वाचतं, अल्फा वाचतानाच सुटतो. तो हवा असेल तर `cv2.IMREAD_UNCHANGED` द्यावं लागतं. ब्राउझरमध्ये कॅनव्हासवरचं चित्र `toDataURL("image/jpeg")` ने काढलं तर पारदर्शक जागा काळ्यावर मिसळली जाते. एचटीएमएलच्या नियमातच तसं लिहिलं आहे. तिथे कडा निदान नीट मिसळतात, पण काळ्या रेषांचं स्केच तितकंच अदृश्य होतं. चित्र आणि मजकूर यांची सांगड घालणाऱ्या क्लिप या मॉडेलच्या मूळ कोडमध्येही चित्र तयार करण्याच्या पायऱ्यांत साधं `convert("RGB")` आहे. म्हणून मॉडेलच्या दारात पोचेपर्यंत चित्रात अल्फा उरूच न देणं बरं. पुढे कोण काय करील याची काळजी मग उरत नाही.

क्लिपचा उल्लेख आला म्हणून शेवटचा भाग सांगतो. दुकानात जुन्या ऑर्डरींमधून सारखे लोगो शोधण्याची सोय होती. गिऱ्हाइक म्हणतं "मागच्या वर्षीचाच द्या", तेव्हा ती उपयोगी पडते. क्लिपने प्रत्येक लोगोचं आकड्यांच्या यादीत रूपांतर करून ठेवलेलं, आणि दोन याद्या जवळ असल्या की लोगो सारखे. या शोधात गेले काही महिने एक विचित्र प्रकार घडत होता: कबड्डी संघाचा वाघ, एका शाळेचं बोधचिन्ह आणि मंडळाचा मोदक हे तिन्ही एकमेकांशी तंतोतंत सारखे म्हणून यायचे. मुलांनी शोधच बिघडला म्हणून तो वापरणं सोडलं होतं. शोध ठीक होता. तिन्ही काळ्या रेषांची मोठी पीएनजी होती. क्लिप प्रत्येक चित्र ठरावीक चौकोनात बसवतं, त्यामुळे मूळ आकार काहीही असला तरी तिन्हींचे सारखेच काळे चौकोन झाले, आणि सारख्या चित्राची यादी सारखीच येणार.

जुन्या साठ्यातल्या बिघडलेल्या फाइली शोधायला हीच खूण कामी आली. ज्यांच्या फाइली वेगळ्या पण याद्या अगदी एक, असे गट आधी बाहेर काढले. पूर्ण काळे झालेले सगळे त्यात सापडले. अर्धवट बुडालेले, ट्रेकिंग ग्रुपसारखे, तसे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी अल्फा आणि गडद पिक्सेल असलेली प्रत्येक फाइल पुन्हा मिसळून तिची यादी नव्याने काढली, आणि ज्यांच्या जुन्या कार्डावर "मजकूर नाही" होतं ती कार्डं मुलांनी डोळ्यांनी तपासली. मूळ पीएनजींना कुठेही हात लावला नाही. मिसळलेली प्रत फक्त मॉडेलसाठी बनते आणि नंतर पुसली जाते, कारण ती चुकून फिल्मच्या रांगेत गेली तर काळ्या टी-शर्टवर मोदकाभोवती पांढरा चौकोन छापून येईल.